किती मीटर, कोणत्या तारखेला

मोठं गिऱ्हाईक दारात आलं, की लहान धंद्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हो'. भेस्तानला लग्न होऊन आल्यापासून हा 'हो' मी फार वेळा ऐकला आहे. उधना ओलांडलं की पुढचं स्टेशन भेस्तान. आमच्या भागात घराला लागून घर असावं तशी लूम्सच्या खात्याला लागून खाती आहेत. कुणाचे चोवीस माग, कुणाचे चाळीस. गिऱ्हाईक मुंबईचं असो की सुरतच्या रिंगरोडवरच्या मार्केटचं, विचारतं एकच : "महिन्याला एवढा माल द्याल?" खरं उत्तर बहुतेक वेळा असतं, "एवढा नाही, थोडा कमी." पण हे 'थोडा कमी' जिभेवर येत नाही. आलंच, तर ऑर्डर हातची जाईल ही धास्ती.

मग प्रश्न असा, की आपली मर्यादा आपण होऊन सांगणं हे कर्तव्य आहे का? समोरच्याने विचारलं नाही आणि आपण बोललो नाही, तर ते असत्य झालं का? आणि सांगायचं ठरलं, तर ते कसं सांगावं, म्हणजे सत्यही राहील आणि चूलही पेटती राहील? उपदेश करण्यापेक्षा आमच्याच खात्यातला एक हिशेब उलगडून मांडते. हा प्रश्न मला तरी त्या हिशेबातूनच उलगडला.

आमचे बत्तीस साधे माग आहेत. हे आणि माझा पुतण्या मिळून खातं बघतात. एका जूनमध्ये मुंबईच्या एका मोठ्या तयार कपडेवाल्यांची विचारणा आली. त्यांना अस्तराचं ग्रे कापड हवं होतं, म्हणजे रंगवण्याआधीचं, मागावरून उतरलेलं कोरं पॉलिस्टर. महिन्याला साठ हजार मीटर, जुलैपासून सहा महिने. एवढी मोठी विचारणा आमच्याकडे पहिल्यांदाच येत होती.

पुतण्याने कागद घेतला आणि झरझर आकडे मांडले. आमचा माग मिनिटाला १६० धागे टाकतो, म्हणजे धोटा तेवढ्या फेऱ्या मारतो. या कापडात इंचाला ६० आडवे धागे, ज्यांना आम्ही पिक म्हणतो. म्हणजे तासाला १६० इंच कापड, चार मीटरच्या किंचित वर. दिवसरात्र चोवीस तासांत ९७ मीटर. बत्तीस माग, तीस दिवस. उत्तर आलं ९३ हजार मीटर. "काका, साठ हजार काय, आरामात!" तो म्हणाला.

या बेरजेत कुठेही लबाडी नव्हती, एकही आकडा खोटा नव्हता. तरीही उत्तर खोटं होतं. मला नेहमी वाटतं, की धंद्यातली निम्मी असत्यं अशी, लबाडीशिवाय जन्मतात. यंत्राला जे शक्य आहे आणि गाडीत जे चढवता येईल, ते एकच आहे असं आपण धरून चालतो.

यांनी तोच कागद घेतला आणि शांतपणे एकेक खोडत गेले. माग चोवीस तास चालतो, पण कापड चोवीस तास उतरत नाही. ताण्याचा धागा तुटतो, तो जोडेपर्यंत माग उभा. बाण्याची कांडी संपते, ती बदलेपर्यंत उभा. एक कारीगर आठ माग सांभाळतो. दोन माग एकदम थांबले तर एकाने वाट बघायचीच. आमच्या खात्याच्या रोजच्या वहीत चांगल्या महिन्यातही शंभरातले पंचाहत्तर टक्केच काम पडतं. म्हणजे मागाला दिवसाला ९७ नव्हे, ७३ मीटर. मग बत्तीसपैकी दोन माग कायम नव्या बीमची वाट बघत असतात, कारण एक बीम संपला की दुसरा चढवून त्याचे शेकडो धागे सांधायचे असतात. एखादा माग मास्तरच्या हाताखाली उघडा पडलेला असतो. उरले एकोणतीस. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस. एकोणतीस गुणिले ७३ गुणिले २६, म्हणजे पंचावन्न हजार मीटर.

आणि त्यातले तीस हजार आमचे नव्हतेच. तीन जुनी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं आमच्याकडून माल नेतात, ते त्यांचे होते. त्यासाठी सोळा माग लागतात. उरले तेरा माग, साडेचोवीस हजार मीटर. चेकिंगच्या टेबलावर त्यातले तीनेक टक्के डागी किंवा तुटके निघतात, ते वजा केले की चोवीस हजार. कागदावर जे ९३ होते, ते देता येण्यासारखे २४ निघाले. मागणी साठची.

इथे माणसाच्या मनात तीन वाटा येतात. तिन्ही भेस्तानमध्ये रोज चालतात, म्हणून त्या नीट पाहू.

पहिली वाट : 'हो' म्हणायचं आणि जुन्या गिऱ्हाइकांचा माल मागे ढकलायचा. म्हणजे नव्याला दिलेला शब्द जुन्याच्या खिशातून द्यायचा. दुसरी वाट : 'हो' म्हणायचं आणि कारीगरांना जादा पाळ्या करायला लावायच्या. आमच्याकडे आधीच बारा तासांची पाळी असते. ओडिशातून, उत्तर प्रदेशातून, आपल्या खानदेशातून आलेली ही माणसं. त्यांची झोप काढून घेऊन केलेला वायदा हा आपला वायदा कसा? शिवाय पेंगुळलेल्या डोळ्यांना तुटलेला धागा दिसत नाही, त्यामुळे मीटर वाढतात तसा डागी मालही वाढतो.

तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत प्रचलित. 'हो' म्हणायचं, चोवीस हजार आपण विणायचे आणि उरलेले छत्तीस हजार शेजारच्या खात्यांतून उचलून आपल्या नावाने घडी करून पाठवायचे. कोरं कापड कोऱ्यासारखंच दिसतं. कुणाला काय कळणार?

कळतं, आणि कसं कळतं ते सांगण्यासारखं आहे. पॉलिस्टरचा धागा कारखान्यातून लॉटने येतो. दोन लॉट डोळ्यांना सारखे दिसतात, हाताला सारखे लागतात, पण रंग सारखा पीत नाहीत. एका खात्यात एक लॉट, शेजारी दुसरा. ताके एकत्र झाले आणि पांडेसराच्या मिलमध्ये रंगात बुडाले, की एक ताका गडद, एक फिका. एकाच ताक्यात दोन लॉटचा बाणा गेला असेल तर कापडावर आडवे पट्टे उमटतात. तोवर कापड गिऱ्हाइकाचं झालेलं असतं, रंगाचे पैसे गेलेले असतात आणि पुढे त्याने कुणाला तरी तारीख दिलेली असते. मग तो ताके हातात घेऊन विचारतो, "हे तुमच्याच मागावरचे ना?" कोऱ्या कापडात लपलेली गोष्ट रंगाच्या हौदात उघडी पडते.

आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. चांगल्या वस्तूत हलकी मिसळून ती चांगली म्हणून देणं, असा त्याचा साधा अर्थ. दुसऱ्याचं कापड हलकंच असतं असं नाही. पण गिऱ्हाइकाने ज्याचा भरवसा धरला ते हे नव्हे, आणि हे त्याला माहीत नाही, इथे तो अतिचार येऊन टेकतो असं मला वाटतं. म्हणून 'विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही' हा बचाव इथे पुरत नाही. त्याने साठ हजारांचा आकडा उच्चारला, तेव्हाच त्यात प्रश्न होता : तुमच्या मागांवर हे होईल का? त्या प्रश्नाला मौन हेसुद्धा उत्तर आहे, आणि ते खोटं उत्तर आहे.

खरं बोलायचं हे असं ठरलं. पण 'आम्ही लहान आहोत, जमेल तेवढं देऊ,' असं सांगितलं तर ते तरी खरं बोलणं झालं का? ऐकायला नम्र, पण खरेदीदाराच्या काहीच उपयोगाचं नाही. त्याला त्याच्या शिलाईवाल्यांना तारीख द्यायची आहे. 'जमेल तेवढं' यावर तो कात्री चालवू शकत नाही. मला तर अशा बोलण्यात विनयापेक्षा सुटकाच जास्त दिसते. उद्या कमी पडलं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला जागा ठेवलेली. गिऱ्हाईक जातं ते बहुधा 'नाही' ऐकून जात नाही, अशा धूसर बोलण्याने जातं. त्याला आकडा हवा असतो. साठचा नसला तरी चालतो, पण पक्का.

दुसरी गोष्ट वेळेची. मर्यादा सांगायची ती भावाची घासाघीस सुरू होण्याआधी. भाव ठरल्यावर, आगाऊ रक्कम घेतल्यावर 'तसं पाहिलं तर आमच्याकडे...' असं सुरू केलं, की तेच सत्य दगाबाजी वाटू लागतं.

पुतण्या मला म्हणाला, "काकू, तुमचा हात लिहिण्यात चांगला, तुम्हीच लिहा." मी हिंदीत लिहिलं, व्हॉट्सअॅपवर गेलं. मराठीत ते असं होईल :

"शेठजी, नमस्कार. आपल्या साठ हजार मीटरपैकी आमच्या स्वतःच्या मागांवर महिन्याला चोवीस हजार मीटर होतील. त्यासाठी आपल्या नावाने तेरा माग वेगळे राहतील आणि दर शनिवारी सहा हजार मीटरची गाडी निघेल. पहिल्या महिन्यात मात्र बारा हजारच मिळतील, कारण मागांवरचे चालू बीम संपतील तसे एकेक माग मोकळे होतील. दिवाळीला कारीगर वीस दिवस गावी जातात, त्या महिन्यात नऊ हजार धरावेत. उरलेल्या मालासाठी आमच्या ओळखीचे एक खातं आहे. ते आमच्याच लॉटचं सूत वापरायला तयार आहेत, पण त्यांचा माल त्यांच्या नावाने, त्यांच्या बिलावर येईल. आपली इच्छा असेल तर भेट घालून देऊ. आपला माणूस पाठवून माग मोजून घ्यावेत, तीन महिन्यांची उत्पादनाची वही दाखवू."

या पत्रातल्या पहिल्या महिन्याच्या बारा हजारांवर आमच्या घरात बराच वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, पहिल्याच महिन्यात निम्मा माल म्हटला तर शेठ पळून जातील. पण माग हे पाटीवरच्या अक्षरांसारखे नसतात, पुसले आणि नवं लिहिलं असं होत नाही. एका बीमवर दोन-तीन आठवड्यांचं कापड असतं. जुन्या गिऱ्हाइकाचा बीम अर्ध्यावर उतरवता येत नाही. नवं सूत यायचं, त्याचं वार्पिंग व्हायचं, बीम चढायचा. पहिला ताका उतरायलाच दहा-बारा दिवस. पहिला महिना खोटा सांगितला, तर पुढचे पाच खरे असूनही कुणी खरे मानणार नाही.

पत्रात काय लिहिलं नाही, तेही सांगते. उरलेले सोळा माग कुणासाठी चालतात, त्यांना काय भाव आहे, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. शेठजींच्या माणसाने नंतर गप्पांच्या ओघात ते विचारलंही. यांनी हसून सांगितलं, "उद्या तुमचं नाव कुणी विचारलं, तरी मी असाच गप्प बसेन." दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं उघड करणं, हाही सत्य व्रताचा अतिचारच मानला आहे. आपली मर्यादा सांगणं आपल्या हातात आहे, पण दुसऱ्याचं गुपित आपल्या मालकीचं नाही.

आता एक खरीखुरी शंका. बाजारात सगळेच वाढवून सांगतात, आणि खरेदीदार मनातल्या मनात निम्मं कापूनच ऐकतो. मग आपण खरे चोवीस सांगितले, तर तो पंधराच ऐकणार. म्हणजे खरं बोलणाऱ्याचं नुकसान दुप्पट! ही शंका पोकळ नाही. माझं उत्तर एवढंच, की सत्य नुसतं बोलून भागत नाही, ते मोजून बघता येईल असं समोर ठेवावं लागतं. वही दाखवायची, माग मोजू द्यायचे, शनिवारची गाडी ठरवायची. तपासता येणाऱ्या आकड्यातून कुणी काही कापत नाही. शेठजींचा माणूस आला, माग मोजले, वहीतले तीन महिने चाळले, आणि चोवीस हजार हे चोवीस हजारच राहिले.

लहान धंद्याला पैशाचीही मर्यादा असते आणि ती सांगायला आपण मागांच्या मर्यादेपेक्षाही लाजतो. मीटरला सत्तर ग्रॅम धरलं तर चोवीस हजार मीटरला जवळपास सतराशे किलो सूत लागतं. त्याचे पैसे सूतवाल्याला लवकर द्यावे लागतात आणि मोठी गिऱ्हाइकं तीन-तीन महिने बिल ठेवून घेतात. माग मोकळे असूनही सूत आणायला पैसे नसतील, तर ती क्षमता कसली? २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असं आहे. यांनी ते कलम तोंडावर फेकलं नाही. एवढंच म्हणाले, "पंचेचाळीस दिवसांत पैसे आले तर शनिवारची गाडी चुकणार नाही. उशीर झाला तर सूत उशिरा येईल, आणि गाडीही." हीसुद्धा मर्यादाच, फक्त दोघांनी मिळून सांभाळायची.

शेवटी काय झालं? शेठजींनी चोवीस हजार आम्हाला दिले, पंधरा हजार त्या ओळखीच्या खात्याला आणि एकवीस हजार आपल्या जुन्या पुरवठादाराकडे ठेवले. आमचा भाव मात्र मीटरमागे वीस पैशांनी उतरवला, कारण पूर्ण माल आमच्याकडून नव्हता. वीस पैसे म्हणजे महिन्याला चार हजार आठशे रुपये. खरं बोलण्याची ही रोख किंमत, आणि ती आम्ही मोजली. खरं बोललं की फायदाच होतो, असं मी कधी म्हणणार नाही. काही मोठ्या कंपन्यांचा नियमच असतो, की सगळा माल एकाच ठिकाणाहून. तिथे चोवीस हजारवाल्याला जागाच नाही. ती ऑर्डर जाते, जाऊ द्यावी. जी ऑर्डर असत्यावरच उभी राहणार होती, ती आपल्याकडे आलीच नव्हती.

'मर्यादा सांगितली म्हणजे वाढ खुंटली' असं मानणाऱ्यांसाठी आपल्या ओळखीचं एक उदाहरण आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तेच पुढे लिज्जत झालं. पहिल्याच वर्षी पावसाळा आला, उन्हाशिवाय पापड वाळेनात, आणि त्यांनी चार महिने काम बंद ठेवलं. ओलसर पापड पुड्यात भरून विकले नाहीत. दुसऱ्या वर्षी एक खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला आणि खाटेवर पापड वाळवले. पाऊस अडवतो हे आधी कबूल केलं, म्हणून तर खाट आणि स्टोव्ह सुचला. ओले पापड विकून निभावलं असतं, तर खाटेची गरजच कळली नसती.

आमच्याकडेही पंचाहत्तर टक्क्यांचा तो आकडा उघड्यावर आल्यावर प्रश्न पडला, की उरलेले पंचवीस जातात कुठे? वहीत रोज 'माग का थांबला' हा रकाना वाढला. आणखी माग घेण्याचा विचारही झाला, पण सहा महिन्यांच्या ऑर्डरवर कित्येक वर्षांचं कर्ज काढायचं नाही, असं ठरलं.

आपल्या घरातसुद्धा हा 'हो' रोजच निघतो. चाळीस माणसांचा स्वयंपाक, शेजारणीची शिवणं, मंडळाचं काम. सगळ्यालाच 'करते' म्हणणाऱ्या बाईला लोक गुणी म्हणतात, आणि तिचा शब्द कुणाच्या झोपेतून, कुणाच्या वाट्यातून फेडला जातो ते विचारत नाहीत. मला वाटतं, शब्द देण्याआधी एवढंच पाहावं, की तो फेडायचा कुठून. आपल्याकडे असेल त्यातून फेडायचा असेल, तर 'हो'. दुसऱ्याच्या वाट्यातून असेल, तर आकडा सांगावा, तारीख सांगावी, आणि उरलेल्यासाठी उघडपणे दुसरं दार दाखवावं.